मदत हवी आहे: 15q11.2 मधली डिलीशन रिपोर्टात कशी लिहावी?

तीन वर्षांचा मुलगा, बोलणं उशिरा. मायक्रोअ‍ॅरेवर 15q11.2 मध्ये BP1-BP2 दरम्यान सुमारे 500 केबीची डिलीशन दिसतेय. लॉग आर रेशो -0.5 च्या आसपास, आणि बी-अ‍ॅलील फ्रीक्वेन्सीत 0.5 वरचा मधला पट्टा पूर्ण गायब. त्यामुळे कॉल खरा आहे, याबद्दल मला शंका नाही. नुसता रेशो खाली गेला असता आणि मधला पट्टा जागेवर असता, तर मी तो गोंगाट समजून सोडला असता.

अडलंय ते अर्थापाशी. यात NIPA1, NIPA2, CYFIP1, TUBGCP5 ही चार जीन्स जातात. वडिलांमध्येही हीच डिलीशन सापडली, आणि ते ठणठणीत आहेत. निरोगी लोकांतही ती अधूनमधून आढळते, म्हणजे पेनिट्रन्स कमी. पण ‘पॅथोजेनिक’ लिहिलं की घरचे हेच कारण धरून बसतात. शिवाय इंटरनेटवर शोधलं की शेजारच्या BP2-BP3 भागाचा प्रेडर-विली समोर येतो, मग घाबरगुंडी!

तुम्ही याला ‘अनिश्चित’ म्हणता की ‘कमी पेनिट्रन्सचा धोका-घटक’? आणि इथेच न थांबता एक्झोम सुचवता का?