मदत हवी आहे: लग्नाच्या फोटोत सूटची शेरवानी करायची आहे

फोटोवेडा: माझ्याच लग्नाचा फोटो, डोक्यापासून बुटांपर्यंत. अंगात काळा सूट, बायकोचा हात माझ्या कोपरात, माझा दुसरा हात पँटच्या खिशात. आता दोघांनाही वाटतंय, शेरवानी हवी होती. फोटोत मी ४२०० पिक्सेल उंच आहे. नेटवरच्या एका फोटोतली शेरवानी फोटोशॉपमध्ये बसवली, पण मुंडकं दुसऱ्याच्या धडावर ठेवल्यासारखं दिसतं. काय चुकतंय?

टाकेटिपके: सूट उसवून शेरवानी नाही हो होत, लांबीला कापड पुरत नाही. नवीनच शिवा.

फोटोवेडा: ताई, फोटोतला सूट :)

निळीशाई: सोपं आहे. Liquify ने कोट गुडघ्यापर्यंत ओढा आणि वर बंद गळा लावा.

जुनाजाणता: गळा वेगळा लावायचा हे बरोबर. पण कोट ओढलात तर कापडाची वीणही ताणली जाते आणि खिशाची झाकणं लांबुळकी होतात. मूळ शेरवानी किती पिक्सेलची होती?

फोटोवेडा: त्यातला माणूस जेमतेम ११०० पिक्सेल.

जुनाजाणता: म्हणजे जवळपास चौपट मोठी केलीत, जरीकाम पुसट होणारच. शिवाय तिचा खालचा घेर बघा. कॅमेरा जितका उंचावर, तितका तो घेर खाली गोलावतो. तुमचा फोटो कमरेच्या उंचीवरून असेल आणि शेरवानीचा डोळ्यांच्या उंचीवरून, तर धड परकंच वाटणार. त्यापेक्षा तुमच्या अंगलटीच्या मित्राला शेरवानी घालून तसंच उभं करा. कॅमेऱ्याची उंची, अंतर आणि उजेडाची बाजू तीच ठेवा. मोजडी, चुडीदारही घालायला लावा.

मग आधी पाय. चुडीदार पँटपेक्षा अरुंद, त्यामुळे पोटऱ्यांच्या बाजूला मागची जमीन उघडी पडते. ती अगोदर वेगळ्या लेयरवर भरून घ्या. मांड्यांची काळजी नको, त्या शेरवानीखाली झाकल्या जातात. बायकोची बोटं मूळ फोटोतून कापून सगळ्यात वर ठेवा आणि त्यांच्याखाली Multiply मध्ये अगदी पुसट सावली द्या. ती नसली की बोटं चिकटवलेली दिसतात. जमिनीवरची सावलीही नव्या घेराप्रमाणे रुंद करावी लागेल.

सावळागोंधळ: माझं उलटं आहे. भावाच्या शेरवानीचा सूट करायचाय. हीच रीत ना?

जुनाजाणता: रीत हीच, काम जास्त. शेरवानीने झाकलेल्या मांड्या मूळ फोटोत नाहीतच. कमरेपासून बुटांपर्यंत पँट दुसऱ्या फोटोतून आणावी लागेल आणि घेर गेल्यावर उघडी पडणारी मागची जागाही भरावी लागेल.

फोटोवेडा: घेर पाहिला. माझ्या फोटोत जवळजवळ सरळ रेषा असायला हवी, त्या शेरवानीचा चांगलाच गोल आहे. मित्राला विचारतो. पण खिशातल्या हाताचं काय?

जुनाजाणता: मित्राचा हात तिथेच ठेवून बघा. कापड ओंगळ गोळा झालं, तर लग्नाच्याच दुसऱ्या फोटोतून सुटा हात आणा, बाही मित्राची.

निळीशाई: सुट्या हाताने खांद्याचा उतार बदलतो. मी हात खिशातच ठेवेन.

जुनाजाणता: तेही खरं. दोन्ही करून बघा, इथे टाका.