‘वर्कस्पेस अ‍ॅड्रेस’ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडा: हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरचं मराठीकरण करतोय. अनेक कंपन्या तेच वापरतात, पण प्रत्येकीचा पत्ता वेगळा, उदा. `nirmal.example.com`. लॉगिनच्या पहिल्या रकान्याला मी ‘कार्यक्षेत्राचा पत्ता’ म्हटलं. लोक तिथे ईमेल टाकतात, काहींनी तर ऑफिसचा टपालाचा पत्ता लिहिला. दुसरा शब्द हवा आहे.

ओवी: ‘कार्यक्षेत्र’ नकोच. शिक्षण हे तिचं कार्यक्षेत्र, असं आपण म्हणतो. ‘कार्यस्थळ’ बरं. तसंही पत्ता चुकला तर पानच उघडणार नाही, मग माणसाला कळेलच की.

मदतकक्ष: तिथेच गोची होते, ओवीताई. बऱ्याच ठिकाणी टिंबाच्या आधी काहीही टाका, लॉगिनचं तेच पान उघडतं. शिवाय चुकीचा पत्ता दुसऱ्या कुणाचा खराखुरा असू शकतो. परवा एका बाईंचं खातं `nirmal-vikri` मध्ये होतं आणि त्या `nirmal` वर जात होत्या. तो त्यांच्याच कंपनीचा जुना, चाचणीपुरता उघडलेला वर्कस्पेस. बुकमार्क तोच राहिला होता. ‘ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा’ असं आलं, म्हणून त्यांनी तीनदा पासवर्ड बदलायला घेतला. ‘खातं असल्यास मेल पाठवला आहे’ असं दिसलं, मेल मात्र आला नाही. येणार कसा? तिथे त्यांचं खातंच नव्हतं. कुणाचं खातं आहे हे परक्याला कळू नये म्हणून संदेश मुद्दाम मोघम ठेवतात.

पासवर्ड बरोबर आहे, रिसेटचा मेल येत नाही आणि शेजारचा सहकारी मात्र आत जातोय, असं असलं की मी एकच विचारतो: पहिल्या टिंबाच्या आधी काय लिहिलंय?

रानवारा: मलाही चार दिवस लॉगिन होत नाहीये! ओटीपी येतो, पण टाकेपर्यंत मुदत संपते. कोणता शब्द वापरू?

मदतकक्ष: ओटीपी येतोय म्हणजे खातं सापडलंय. तुमची अडचण वेगळी आहे, पत्त्याची नाही.

शब्दवेडा: मग ‘कंपनीचं नाव’ लिहू?

मदतकक्ष: लोक पूर्ण नाव लिहितील, मधल्या जागांसकट. ‘कंपनीचा लॉगिन पत्ता’ म्हणा आणि रकान्याला लागूनच `.example.com` आधीच छापलेलं ठेवा. शब्दापेक्षा त्या शेपटीनेच जास्त कळतं. खाली ‘पत्ता आठवत नाही?’ असा दुवा द्या. ईमेल टाकला की त्या माणसाच्या वर्कस्पेसची यादी मेलवर जाईल.

ओवी: ‘कार्यस्थळ’ मागे घेते, त्याने ऑफिसची इमारतच डोळ्यांसमोर येते. ‘दालन’ कसं वाटतं? एका इमारतीत प्रत्येकाचं दालन वेगळं, किल्लीही वेगळी.

शब्दवेडा: दालन आवडलं. पण मी दोन कंपन्यांचे हिशेब बघतो, ईमेल एकच आणि पासवर्ड दोन. ‘तुमचं दालन’ म्हटलं तर मीच अडखळेन.

मदतकक्ष: फोनवर सगळे ‘वर्कस्पेस’च म्हणतात. मी तोच शब्द ठेवला असता.