मदत हवी आहे: जुनी आयडीई हार्डडिस्क यूएसबी अडॅप्टरवर फिरते, पण दिसत नाही

छापील_माणूस:
वडिलांचं डीटीपीचं दुकान होतं, 2008 साली बंद केलं. त्या पीसीची हार्डडिस्क माळ्यावर सापडली. वेस्टर्न डिजिटल, 40 जीबी, साडेतीन इंची, मागे 40 पिनांची. आईच्या कवितांचं पुस्तक त्यात टाईप केलेलं आहे आणि छापील प्रत एकच उरलीय, म्हणून हा खटाटोप.

ऑनलाईन आयडीई ते यूएसबी अडॅप्टर मागवला. सोबत वेगळा पॉवरचा ठोकळा आहे, त्यावर 12 व्होल्ट आणि 5 व्होल्ट, दोन्हीला 2 अँपियर लिहिलंय. जोडल्यावर डिस्क छान फिरते, कसलाही विचित्र आवाज नाही. विंडोजचा 'टुंग' वाजतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये USB Mass Storage Device येतं, पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये काहीच नाही. डिस्क गेली का?

बाराखडी:
माझ्या लॅपटॉपची जुनी डिस्क नुसत्या यूएसबीवर चालली, ठोकळा लागलाच नाही. तो काढून बघा, उगाच गोंधळ घालत असेल.

सोल्डर_काका:
बाराखडी, तुमची अडीच इंची असणार. तिला फक्त 5 व्होल्ट पुरतात. यांच्या साडेतीन इंचीची मोटर 12 व्होल्टवर फिरते आणि यूएसबीतून 12 येतच नाहीत. ठोकळा काढू नका.

छापील_माणूस, नीट फिरतेय आणि अडॅप्टरही ओळखला जातोय, म्हणजे माझा पहिला संशय जंपरवर. डेटा पिना आणि पॉवर सॉकेटच्या मधे छोट्या पिनांचा गठ्ठा असतो, त्यावरची टोपी कुठे आहे?

छापील_माणूस:
लेबलवरच्या आकृतीशी ताडून पाहिलं. मास्टरवर आहे. अडॅप्टरच्या कागदावरही 'मास्टर ठेवा' असंच लिहिलंय.

गल्लीतला_हार्डवेअरवाला:
जंपर सरळ काढून टाका. मी कुठलीही आयडीई डिस्क आली की तेच करतो, चालते.

सोल्डर_काका:
इथे चालेल, पण 'कुठलीही' म्हणू नका. बऱ्याच सीगेटवर जंपर काढला की डिस्क स्लेव्ह होते, आणि मग असले अडॅप्टर तिला ओळखत नाहीत. वेस्टर्न डिजिटलचं गणित वेगळं आहे. त्यांच्याकडे 'मास्टर' म्हणजे सोबत स्लेव्ह असलेली मास्टर. ती त्याच केबलवर दुसरी डिस्क शोधत बसते. एकटीच असेल तर 'सिंगल', म्हणजे टोपी काढलेली. लेबलवर या दोन आकृत्या वेगळ्या दिसतील.

ठोकळा बंद करून टोपी काढा आणि डिस्कलाच चिकटपट्टीने लावून ठेवा, नाहीतर हरवते. मग आधी पॉवर द्या, डिस्कचा वेग स्थिर होऊ द्या आणि यूएसबी शेवटी जोडा. आणि विंडोजने Initialize Disk विचारलं तर Cancel. मोह आवरा.

छापील_माणूस:
काका, दिसली! दोन्ही ड्राइव्ह आले. पण कॉपी सुरू केल्यावर तीन-चार मिनिटांत 'टक्', मोटर मंदावते, पुन्हा फिरते आणि ड्राइव्ह गायब. तीनदा असंच झालं.

बाराखडी:
हेड गेलं. माझ्या भावाचं असंच झालेलं, डेटा रिकव्हरीवाल्याने तोंडाला फेस आणणारी रक्कम सांगितली.

सोल्डर_काका:
एवढ्यात नको. हेड गेलं असेल तर टकटक बहुधा सुरुवातीपासूनच असते. मोटरच मंदावतेय म्हणजे आधी वीज तपासा. सुरू होताना अशी डिस्क 12 व्होल्टवर दीड-दोन अँपियर ओढू शकते, आणि स्वस्त ठोकळ्यावर लिहिलेले 2 अँपियर खरे असतीलच असं नाही. मल्टिमीटर आहे? डिस्क चालू असताना पिवळी आणि काळी वायर यांच्यात मोजा. 10.8 च्या खाली जाता कामा नये. पिवळीचा स्पर्श लालला होऊ देऊ नका, लालवर 5 व्होल्ट असतात.

छापील_माणूस:
शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून मीटर आणला. नुसता ठोकळा 12.2. डिस्क सुरू होताना 10.3, मग 11.1. कॉपी करताना हळूहळू उतरत 10.5, आणि टक्. ठोकळा हात लावता येणार नाही इतका तापलेला.

गल्लीतला_हार्डवेअरवाला:
जुन्या पीसीचा एसएमपीएस घ्या. मोठ्या कनेक्टरची हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरशी जोडली की तो सुरू होतो, मदरबोर्ड लागत नाही. त्याची चार पिनांची पॉवर डिस्कला द्या, अडॅप्टर फक्त डेटासाठी.

सोल्डर_काका:
एकदम बरोबर. फक्त हिरवी-काळी जोडणी आणि डिस्क लावणं, दोन्ही एसएमपीएस मेनपासून काढलेला असताना करा.

छापील_माणूस:
दुकानाचाच एसएमपीएस अडगळीत होता! 12 व्होल्ट आता 11.9 वर ठाम. डी ड्राइव्ह पूर्ण कॉपी झाला, सीचा अर्धा झालाय.

कवितांची फाईल पेजमेकरची निघाली. वर्डपॅडमध्ये ओढून पाहिली तर नुसती चिन्हं. ती कुठल्या फाँटमध्ये आहे हे वडिलांनाही आठवत नाहीये.

सोल्डर_काका:
जुन्या डिस्कच्या सीमधलं `Windows\Fonts` आधी कॉपी करा. आत्ताच्या पीसीवर तिला वेगळं अक्षर मिळालेलं असेल, `C:` म्हणजे तुमचीच डिस्क. त्या पीसीवरचे फाँट तिथेच असतील.