मदत हवी आहे : बाबांच्या नावची कवळ्याची जागा आमच्या नावावर करायचीय, अर्ज नेमका कुठल्या ऑफिसात?

तिसवाडीकर_मीना
नमस्कार मंडळी. बाबा गेल्या वर्षी गेले. आम्ही पणजीत राहतो, बाबाही शेवटची बरीच वर्षं इथंच होते, पण मूळ घर फोंडा तालुक्यात कवळ्याला आणि घरासमोर रस्त्यापलीकडे आमचं कुळागर. आई आहे, मी आणि लहान भाऊ. घर आणि कुळागर दोन्ही आमच्या नावावर व्हायला हवं. पण कुठं जायचं हेच कळत नाहीये. एका काउंटरवर म्हणाले पंचायतीत जा, तिथं म्हणाले मामलेदाराकडे, नातेवाईकांपैकी एकजण म्हणतो आधी कोर्टात इन्व्हेंटरी करा. आईचं वय झालंय, तिला सगळीकडे फिरवणं मला जमणार नाही, म्हणून आधी नीट समजून घेऊन मगच तिला घेऊन जायचं ठरवलंय. कोणी केलंय का हे? प्लीज सांगा.

म्हापसेकर७
ताई तुम्ही पणजीत राहता ना, मग तिसवाडीचा मामलेदार. रहिवासी दाखल्याला मी तसंच केलेलं, तलाठ्याचा रिपोर्ट झाला की दाखला मिळतो. आधार आणि वीजबिल न्या.

तिसवाडीकर_मीना
@म्हापसेकर७ दादा, रहिवासी दाखला नकोय मला, जमिनीच्या उताऱ्यावर नाव लावायचंय.

शिरोडकर_भाऊ
फोंड्याचं काम असेल तर पणजीला कलेक्टर ऑफिसात जा, आमच्या जागेच्या सनदेचे सगळे कागद तिथलेच आहेत, उत्तर गोवा म्हणून शिक्का आहे. मात्र नाव लावायला मामलेदारच, हे खरं.

जुना_तलाठी
मी महसुलात बरीच वर्षं काढली, आता घरी आहे. भाऊ, तुमचे कागद जुने असणार. फोंडा तालुका जानेवारी २०१५ मध्ये उत्तर गोव्यातून काढून दक्षिण गोव्यात घातला, तेव्हापासून फोंड्याचं कलेक्टरकडचं काम मडगावला. पण मीनाताईंना कलेक्टरकडे जायची गरजच नाही सध्या, मामलेदाराचं तुमचं बरोबर आहे.

ताई, पहिली गोष्ट : जमिनीचं काम जमीन जिथं आहे त्या तालुक्यात, तुम्ही कुठं राहता ते बघत नाहीत. तुमच्या बाबतीत फोंडा. दुसरी : तुम्ही एकच काम समजताय पण त्यात तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हींची दारं वेगळी आहेत. वारस कोण हे ठरवायचं काम सब-रजिस्ट्रारकडे, तो स्पेशल नोटरी म्हणून सक्सेशन डीड करतो. ते झालं की एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढवायचं म्हणजे म्युटेशन, ते मामलेदाराकडे. आणि घराची घरपट्टी ज्याच्या नावावर आहे ती बदलायची पंचायतीत. पंचायतीत नाव बदललं म्हणून जमीन तुमची होत नाही, घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही. लोक पंचायतीत नाव लावून घेतात आणि वाटतं झालं काम, मग विकताना किंवा कर्ज काढताना अडतात.

आता एक करा. घरी बाबांचे कागद असतील, त्यात एक-चौदाचा उतारा आहे का बघा. त्याच्या वरतीच तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि सबडिव्हिजन लिहिलेली असते. ते इथं सांगा.

तिसवाडीकर_मीना
काका खूप खूप आभार. कागद काढले. पोर्तुगीज काळातला एक कागद आहे त्यावर मॅट्रिझ नंबर आहे, पण सर्व्हे नंबर कुठंच नाही. बाबांच्या वहीत मात्र त्यांनी हातानं दोन नंबर लिहिलेत, एक घराचा, एक कुळागराचा. मी भूमापन खात्याच्या साइटवर बघायला गेले तर यादीत कवळे नावच नाही! फोंडा तालुका निवडला, K खाली सगळं बघितलं, नाही. आता काय करू?

सासष्टीचा_विनू
ताई Q खाली बघा, Queula असं लिहिलंय. अजून पोर्तुगीज स्पेलिंगच चालू आहेत बऱ्याच गावांची. माझ्या मामाच्या गावाचं असंच झालेलं. बांदिवडे Bandora म्हणून मिळेल.

तिसवाडीकर_मीना
मिळालं!! घराचा नंबर Queula मध्ये टाकला, आमचाच उतारा निघाला. पण कब्जेदाराच्या रकान्यात बाबांचं नाव नाही, आजोबांचं आहे! आणि कुळागराचा नंबर Queula मध्ये टाकला तर कोणाच्या तरी भलत्याच नावाचा उतारा दिसतो, ते नाव आम्ही ऐकलेलंसुद्धा नाही. मला आता भीती वाटायला लागली, कोणी जागा लाटली की काय?

जुना_तलाठी
घाबरू नका. रस्त्यापलीकडे म्हणालात ना? कवळे आणि बांदिवडे लागून आहेत. बोलताना आपण सगळ्याला कवळेच म्हणतो, पण महसुली गावाची हद्द मधूनच जाऊ शकते. सर्व्हे नंबर प्रत्येक गावाला पुन्हा एकपासून सुरू होतो, म्हणून तोच नंबर दोन गावांत दोन वेगळ्या माणसांचा असतो. Bandora मध्ये तोच नंबर टाकून बघा.

मॅट्रिझचा कागद जपून ठेवा पण त्यावरून थेट सर्व्हे नंबर निघत नाही, त्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. जुना कागद तुमच्या हक्काला जोड म्हणून लागतो.

तिसवाडीकर_मीना
काका, Bandora मध्ये निघाला! आजोबांचंच नाव आहे, पोटहिस्साही वहीतल्यासारखाच. हातपाय गार पडले होते माझे, आता जरा बरं वाटलं. पण मग दोन्हींवर आजोबा आहेत तर बाबांनी काहीच केलं नव्हतं का?

जुना_तलाठी
नाही केलं, आणि गोव्यात हे घरोघरी आहे. आजोबा गेले, कोणी नाव बदललं नाही, सगळे आपापल्या जागी राहत होते, भांडण नव्हतं म्हणून गरज वाटली नाही. पण आता तुम्हाला एक पायरी सोडून पुढे जाता येणार नाही. आधी आजोबांचे वारस, मग बाबांचे वारस. आजोबांच्या वारसांत तुमचे बाबा एकटे होते की भावंडं होती?

तिसवाडीकर_मीना
एक काका आहेत वास्कोला आणि एक आत्या, लग्न होऊन डिचोलीला. आत्याच्या लग्नाला जमाना झाला, तिचंही नाव येणार का?

जुना_तलाठी
येणारच. गोव्याच्या कायद्यात मुलगा आणि मुलगी सारखेच, लग्न होऊन गेली म्हणून हिस्सा जात नाही. आणि नवराबायकोची मिळकत साधारण सामाईक असते, त्यामुळं आत्याच्या मिस्टरांचं, काकूंचंही नाव डीडमध्ये येतं, पुढं विकायचं झालं तर त्यांच्याही सह्या लागतात. त्याच हिशेबानं तुमच्या आईचं बघा, बाबांचा जो वाटा येईल त्यात तिचा अर्धा तिचा स्वतःचाच आहे, उरलेल्या अर्ध्याचे वारस तुम्ही दोघं. कोणी "आईला काही नाही" म्हणालं तर ऐकू नका.

सक्सेशन डीड केलं की फक्त वारस कोण ते ठरतं. घर कोणाचं, कुळागर कोणाचं ही वाटणी त्यात होत नाही. म्युटेशननंतर उताऱ्यावर सगळ्यांची नावं एकत्र लागतील. वाटणी हवी असेल तर मग कोर्टातली इन्व्हेंटरी, तुमचे नातेवाईक म्हणतात ते त्याच्यासाठी. नुसती नावं लावायची तर कोर्टात जायची गरज नाही. उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर फोडून वेगळा करायचा असेल तर तो अर्ज उपजिल्हाधिकाऱ्यांकडे, मामलेदाराकडे नाही.

म्हापसेकर७
एक माझंही विचारतो. म्हापसा शहरातलं घर आहे, वडिलांच्या नावावर. एक-चौदा म्हणून शोधलं तर काही येत नाही. आमच्या कागदावर चलता नंबर आणि पीटी शीट नंबर असं काहीतरी आहे.

जुना_तलाठी
चलता नंबर दिसला की समजा तुम्ही सिटी सर्व्हेत आहात. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को इथल्या शहरी भागात मामलेदाराचा एक-चौदा नसतो, फॉर्म डी असतो, आणि नाव चढवायचं काम सिटी सर्व्हेच्या ऑफिसात, भूमापन खात्याच्या इन्स्पेक्टरकडे. घरपट्टी नगरपालिकेत. सक्सेशन डीड तुम्हालाही लागेलच, ते सब-रजिस्ट्रारकडे. मीनाताई, तुमच्या दोन्ही उताऱ्यांवर सर्व्हे नंबर आणि सबडिव्हिजन आहे, म्हणजे तुमचा प्रश्न नाही, मामलेदारच.

सासष्टीचा_विनू
@मीनाताई, म्युटेशनचा अर्ज टाकताना एक लक्षात ठेवा, जागा दोन गावांत आहे तर उतारे दोन, तलाठीही वेगळे असू शकतात. आमच्या वेळी सगळं एकाच अर्जात लिहिलं तर परत दिलं होतं. आणि ज्यांचा त्या जागेत हक्क आहे त्यांना नोटीस जाते, हरकत घ्यायला मुदत असते. हरकत नाही आली तर नोंद मंजूर होते, आली तर मामलेदारासमोर केस चालते. म्हणून तुमच्या वास्कोच्या काकांना आणि आत्यांना आधीच सांगून ठेवा. नोटीस बघून लोक उगाच बिथरतात.

शिरोडकर_भाऊ
पण आजोबांचं डीड आणि बाबांचं डीड असं दोनदा नोटरीकडे? खर्च किती होईल मग? एकाच डीडमध्ये घालता येत नाही का?

जुना_तलाठी
दोन मयतांची वारस-नोंद एका डीडमध्ये घातलेली मी पाहिलीय, पण ते नोटरीच्या मान्यतेवर. फीचं त्यांनाच विचारा, जुन्या आकड्यावर जाऊ नका. जाताना दोघांचे मृत्यूचे दाखले, आजी गेली असेल तर तिचाही, सगळ्या वारसांचे जन्माचे आणि लग्नाचे दाखले आणि ते दोन उतारे. आजोबांच्या मृत्यूची नोंद जुनी असेल तर पंचायतीत मिळेलच असं नाही, तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे बघावं लागेल.

तिसवाडीकर_मीना
काका, तुम्ही जे सांगितलं ते मला इतक्या ऑफिसांत कोणी नीट सांगितलं नाही, मनापासून आभार. आज रात्री आत्याला फोन करते, तिला नोटीस येण्याआधी माझ्याकडून कळायला हवं. एकच अडलंय, आजोबा कवळ्याला वारले पण बाबा पणजीत. मग बाबांचं डीड फोंड्याच्या सब-रजिस्ट्रारकडे की पणजीच्या? दोन्ही एकाच ठिकाणी झालं तर आईला एकदाच न्यावं लागेल.

सासष्टीचा_विनू
आमच्याकडे दोघंही एकाच तालुक्यात होते त्यामुळं हा प्रश्नच आला नाही. कोणी असं दोन तालुक्यांचं केलं असेल तर लिहा ना, मलाही हवंय.

जुना_तलाठी
ताई, फोंड्याला जायच्या आधी पणजीच्या सब-रजिस्ट्रारला हे विचारून घ्या, तुमच्या घराजवळ आहे. ते फोंडा म्हणाले तर दोन्ही तिकडेच करा. जाताना आईला नेऊ नका, नुसतं विचारायला तुम्ही एकट्या पुरे, सहीच्या दिवशी तिला न्या.