मदत हवी आहे: मधला भांग की बाजूचा? चेहरा गोल आहे, पण केस ऐकत नाहीत

कोरडा_पाऊस:
पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, फोटो भरपूर निघणार. मला मधला भांग हवाय पण सकाळी पाडला की दुपारपर्यंत डाव्या बाजूचे केस उठून उजवीकडे येऊन पडतात. जेल लावून बघितलं तर तेल थापल्यासारखं दिसतं. चेहरा गोल. नेटवर एक म्हणतो गोल चेहऱ्याला मधला भांग एकदम बेस्ट, दुसरा म्हणतो चुकूनही नको. डोकं फिरलंय. कुठला पाडू ते सांगा, लवकर.

मनस्वी_सातारकर:
अगं, लग्न आहे तर मधलाच पाड की, बिंदी लावायला मधलाच लागतो, बाजूच्या भांगात ती घसरून कानावर येते. पुढे भांग, मागे खोपा, त्यावर गजरा. दोन बारीक पिना आतून मार, हलणार नाही.

अनघा_काकू:
मनस्वी +१. मात्र नाक जरा वाकडं असेल तर मधला नको बाळा. वर मधोमध सरळ रेघ आली की खाली सगळं तिच्याशी ताडून बघितलं जातं. माझ्या धाकट्या जावेचं तसंच आहे, बाजूच्या भांगात कळतही नाही.

चार्टवाला:
गोल चेहऱ्याला मधला भांग कधीच नाही, हा साधा नियम आहे. गोल आणि चौकोनी असेल तर बाजूचा, लांबट असेल तरी बाजूचाच कारण मधल्याने चेहरा अजून लांब दिसतो. मधला फक्त अंडाकृती चेहऱ्याला. विषय संपला.

मिरजेचा_सलूनवाला:
विषय संपला कसा? केस किती लांब आहेत ते अजून कुणी विचारलंच नाही.

धागा काढणाऱ्याने एवढं सांगा. पुढचे केस ओले करून खाली ओढले की कुठपर्यंत येतात, भुवई, नाकाचा शेंडा की हनुवटी? मागचा भोवरा कुठे आहे आणि कुठल्या दिशेने फिरतो? मागून कुणाला तरी फोटो काढायला सांगा. आणि डावी बाजू म्हणताय ती आरशातली, सेल्फीतली की खरी? फोनवर काही सेल्फी उलटे सेव्ह होतात, त्यामुळे हात लावून सांगा.

खडूस_काका:
भोवरे दोन असतील तर लग्नं दोन, हे पण लिहा म्हणावं :)

कोरडा_पाऊस:
मनस्वी ताई, अहो मी मुलगा आहे. बिंदी नको. लग्न भावाचं आहे.

पुढचे केस ओढले की भुवईच्या जरा खाली येतात. भोवरा एकच, आईने फोटो काढला, घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. डावी म्हणजे खरी डावी, हात लावून बघितलं. डाव्या बाजूला कपाळावर पण छोटासा गोल आहे, तिथले केस उभेच राहतात.

मनस्वी_सातारकर:
अय्यो. 'मला', 'मला' वरून काय कळणार. सॉरी हं.

मिरजेचा_सलूनवाला:
आता कळलं. तुमचा भोवरा मागून बघताना काट्याच्या दिशेने फिरतो म्हणजे टाळूवरचे केस डावीकडून उजवीकडे वाहतात, बहुतेकांचे असेच असतात. तुमचा मूळ भांग डावीकडे असणार. खात्री करून घ्या. केस धुवा, टॉवेलने टिपा, बोटांनी सगळे सरळ मागे न्या आणि मग तळहाताने टाळूवरून हळूच पुढे ढकला. केस आपोआप दुभंगतील, ती जागा बघा. दोन-तीनदा करा, दर वेळी तिथेच फुटले तर तो तुमचा भांग. मधला पाडला की त्या डावीकडच्या पट्ट्याला तुम्ही वाहायच्या उलट दिशेने झोपवताय, आणि कपाळावरचा गोल त्याला मुळातून उचलतोय. म्हणून दुपारी तो उजवीकडे पडतो.

दुसरी गोष्ट लांबी. मधला भांग टिकतो तो केसाच्या वजनाने. भुवईपर्यंतच्या केसाला वजनच नाही. नाकाच्या शेंड्यापर्यंत आले की बऱ्यापैकी बसतात, गालापर्यंत आले की छान.

चार्टवाला:
म्हणजे शेवटी बाजूचाच. मी तेच म्हटलं होतं.

मिरजेचा_सलूनवाला:
उत्तर जुळलं, कारण चुकीचं आहे. गोल चेहऱ्यावर मधला भांग आणि हनुवटीखाली जाणारे केस असले तर दोन्ही गालांवर पडदा येतो आणि चेहरा बारीक दिसतो. तोच भांग तोकड्या केसांत पाडला की वरचा भाग चपटा होतो, केस गालाच्या वर फुगतात आणि चेहरा अजून रुंद वाटतो. तुमच्या चार्टमध्ये लांबीचा रकानाच नाही. नेटवरचे ते दोघेही आपापल्या गिऱ्हाइकापुरते बरोबर असतील.

चार्टवाला:
लांब केसांचं मान्य. पण गोलात शेवटी बाजूच्या भांगाने वर उंची मिळते, ती मधल्याने नाही मिळत, यावर मी ठाम आहे.

पुण्याची_प्राची:
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. कॉलेजपासून एकाच जागी भांग पाडते, आता ती रेघ रुंद दिसते. कांद्याचा रस लावू का?

अनघा_काकू:
कांद्याचा वास दोन दिवस जात नाही गं. खोबरेल लाव.

मिरजेचा_सलूनवाला:
प्राची ताई, आधी भांग बोटभर सरकवून बघा. जुन्या जागी केस सवयीने दोन्हीकडे चपटे झालेले असतात, नवीन जागी रेघ बारीक दिसली तर एवढंच आहे. पण नवीन जागीही टाळू तितकीच दिसत असेल किंवा रेघ रुंद होत जात असेल तर कांदा नको, खोबरेलही नको, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. घट्ट बांधत असाल तर सैल करा.

कोरडा_पाऊस:
ढकलून बघितलं, दर वेळी डाव्या भुवईच्या मधोमध वर फुटतात. पण तिथे पाडला की शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो दिसतो. काहीतरी मधलं नाही का?

मिरजेचा_सलूनवाला:
आहे. तिथून नाकाच्या बाजूला सरकवा, डाव्या भुवईच्या आतल्या टोकाच्या वर आणा. कंगव्याने सरळ रेघ आखू नका, बोटांनी पाडा, जरा वाकडाच बरा. मुळं ओली असतानाच ड्रायर घ्या, मध्यम गरम, तोंड वरून खाली. पुढचे केस आधी पूर्ण उजवीकडे, मग पूर्ण डावीकडे, असं आलटून पालटून वाळवा. त्याने मुळाची एकाच बाजूला झोपायची सवय मोडते. कपाळावरच्या गोलावर बोटं दाबून ठेवा आणि हवा बंद केल्यावर गार होईपर्यंत हात काढू नका, लोक इथेच घाई करतात. जेल नको, त्याने केसांच्या दोऱ्या होऊन टाळू दिसते. मॅट वॅक्स अर्ध्या वाटाण्याएवढं, तळहातावर चोळून.

रोज केलंत तर काही आठवड्यांत केस बरेच वळतात. पण मूळ ज्या दिशेने उगवतं ती बदलत नाही, केस धुऊन तसेच वाळू दिले की परत डावीकडेच फुटणार.

नाशिकची_न्हावीण:
सलूनवाले दादा, एक सुचवते. कपाळाच्या त्या गोलाजवळचे केस जरा लांब ठेवून बाजूचे बारीक केले तर? गोल चेहऱ्याला बाजूला जेवढं कमी तेवढं चांगलं. मी बऱ्याच पोरांना असं करते.

मिरजेचा_सलूनवाला:
बाजूचे कमी करा, चालेल. पण ह्याला पुढे मधला भांगच हवा असेल तर कानाजवळ झिरो मारू नका ताई, वरचे लांब झाले की छत्री दिसते.

नाशिकची_न्हावीण:
झिरो कोण म्हणतंय? कात्रीने. आणि छत्री वगैरे काही होत नाही, वरून थोडं पातळ केलं की झालं.

खडूस_काका:
एवढी चर्चा! अरे पण नवरदेवाचा भाऊ तू, डोक्यावर फेटा असणार. भांग कुणाला दिसणार?

कोरडा_पाऊस:
काका 😐 हे डोक्यातच आलं नव्हतं. पण रिसेप्शन संध्याकाळी आहे, तेव्हा फेटा नसेल.

मिरजेचा_सलूनवाला:
मग खरी अडचण तिथे आहे. फेट्याखाली घामाने केस ओले होतात आणि दाबलेल्या आकारात वाळतात, नुसता कंगवा फिरवून ते उठत नाहीत. फेटा काढल्यावर हात ओला करून फक्त मुळं भिजवा आणि वर सांगितलं तसं परत वाळवा, पाच-सात मिनिटांचं काम. ड्रायर हॉलवर घेऊन जा.

कोरडा_पाऊस:
बरं. पण नाशिकच्या ताईंचं बाजू कमी करायचं लग्नाच्या किती आधी करू?

मनस्वी_सातारकर:
आणि फेटा कुठल्या रंगाचा आहे रे?