शब्दचर्चा : ५२० म्हणजे नक्की काय? आणि त्याला उत्तर काय द्यायचं?

खिडकीपाशी : माझा भाचा शांघायला शिकतोय. २० मेला वर्गातल्या एका मुलीने त्याला वीचॅटवर लाल पाकीट पाठवलं, आत ५.२० युआन, म्हणजे साठसत्तर रुपये असतील. ह्याने ते उघडलं आणि उत्तर दिलं ६६६, कारण तिकडे सगळे सारखं तेच टाकतात म्हणे. तेव्हापासून ती बोलत नाहीये आणि हा मला विचारतोय मावशी माझं काय चुकलं. मला काय कप्पाळ कळणार, म्हणून इथे विचारते.

बोरकूट : सोप्पंय, आपण कॉलेजात १४३ लिहायचो ना, आय लव यूची अक्षरं मोजून, तसंच काहीतरी. ५२० म्हणजे आय लव यूच.

पायवाट : अर्थ बरोबर, पण रीत ती नाही. तिथे अक्षरं मोजत नाहीत, आकड्यांचा उच्चार जुळवतात. पाच वू, दोन अर्, शून्य लिंग. झटझट म्हणून बघा, वू-अर्-लिंग. आणि "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे वो-आय-नी. तंतोतंत नाही, पण कानाला जवळचं लागतं. मजा म्हणजे पहिल्या दोन शब्दांचे सूरसुद्धा जुळतात, वू आणि वो दोन्ही तिसऱ्या सुरात, अर् आणि आय दोन्ही चौथ्या. मँडरिनमध्ये सूर बदलला की शब्दच बदलतो, त्यामुळे हे जुळणं कानाला लगेच पटतं. घोडं अडतं ते शून्यापाशी.

खिडकीपाशी : लिंग चा नी कसा झाला?

पायवाट : दक्षिणेकडच्या बऱ्याच बोलींत न आणि ल ची सरमिसळ होते, त्यांना ते फार दूरचं वाटत नाही. पण खरं कारण तेच का, ह्यावर मी पैज लावणार नाही. कुणी ५२१ पण लिहितं, एक म्हणजे यी, तो नी ला जास्त जवळचा.

आकडेमोड : ५+२+० = ७, मूलांक ७ म्हणजे केतू, प्रेमाला अजिबात चांगला नाही. भाच्याची जन्मतारीख काय?

बोरकूट : अहो काका इथे शब्दावर चाललंय, पत्रिकेवर नाही 😄 पण आपला छत्तीसचा आकडा असाच का मग?

पायवाट : नाही, तो डोळ्यांचा खेळ आहे, ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेत म्हणून. त्यांचा कानाचा. १३१४ घ्या, यी-सान-यी-स, त्यावरून यी-शंग-यी-श, म्हणजे जन्मभर. तिथे स आणि श एक केले की काम झालं, आणि सान-शंग, स-श ह्यांचे सूरही तेच. म्हणून ५२०१३१४ जोडून लिहितात. पण फोन नंबर सांगताना एकाला याओ म्हणतात, तसा १३१४ वाचला तर सगळी मजा गेली.

आता भाच्याचं. ६६६ प्रेमाचा नाहीच, सहा म्हणजे ल्यू, त्याच उच्चाराचा एक शब्द सफाईदार, सराईत अशा अर्थाचा आहे. गेममध्ये कुणी भारी खेळलं की हा टाकतात. म्हणजे तिने मन मोकळं केलं आणि ह्याने सांगितलं, वा, काय शॉट मारलास!

खिडकीपाशी : अरे देवा.

निळीशाई : मी तैपेईत राहिलेय, एक सांगते. ग्रुपमध्ये ५.२० टाकलं तर ती गंमत, मैत्रिणी एकमेकींना पण पाठवतात. एकट्याला, त्याच तारखेला पाठवलं की वजन येतं. वीचॅटवर एरवी एका पाकिटाची मर्यादा २०० युआन, पण त्या दिवशी ५२० पर्यंत वाढवलेली मी ऐकलीय, मैत्रीण शांघायची आहे. आणि पाकीट उघडलं म्हणजे घेतलं. नको असेल तर हात लावायचा नाही, २४ तासांनी पैसे आपोआप परत जातात, कुणाचं तोंड कडू होत नाही. ह्याने उघडलं आणि वर शाबासकी दिली.

बोरकूट : मग आता तो ५२० पाठवून टाकेल ना?

निळीशाई : मनात असेल तरच! नसेल तर साधं बोलावं. आणि रक्कम काहीही पाठवा पण २५० नको, अर्-पाय-वू, म्हणजे बावळट. बाजारात हिशोब २५० झाला तरी लोक एखादा युआन इकडेतिकडे करतात.

पायवाट : ५२१ ला "मीही" असं उत्तर समजणारेही आहेत, पण सगळे नाही. मी त्याच्या जागी असतो तर आकडे टाळून शब्दांत लिहिलं असतं.

खिडकीपाशी : विचारलं त्याला मनात आहे का, तर म्हणतो आधी ५५५ पाठवू का. ते काय आता?

निळीशाई : वू-वू-वू, हुंदके. चालेल की, रडका चेहरा टाकायच्या ऐवजी. पण त्याखाली एक ओळ सॉरीची हवी.