छातीच्या एका बाजूची अचानक कळ आणि धाप : यास मराठीत काय म्हणावे?

राजारामपुरीकर

येथील एका वसतिगृहासाठी आरोग्यविषयक माहितीपत्रक मराठीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यातील एका परिच्छेदापाशी मी अडले आहे. उंच, सडपातळ तरुणाच्या छातीत एकाच बाजूला एकाएकी तीव्र कळ येते, सोबत धाप लागते आणि तपासणीत न्यूमोथोरॅक्स निघतो, असा त्याचा विषय आहे. कोशात 'वातवक्ष' हा शब्द सापडतो. वर्तमानपत्रांत 'फुप्फुस कोसळणे' असेही वाचले आहे, परंतु इमारत कोसळते, दर कोसळतात, फुप्फुस कोसळते असे घरात कोणी म्हणत असेल असे वाटत नाही. अठरा-वीस वर्षांच्या मुलाने वाचताक्षणी 'हे मला होत आहे' असे ओळखावे, यासाठी कोणता शब्द योजावा?

तालमीतला

आमच्याकडे यासाठी शब्द आहेच, तो म्हणजे उसण. श्वास घेताना बरगडीत चमक निघते, खोल श्वास घेववत नाही आणि माणूस एका अंगाला वाकून चालतो, तेव्हा 'उसण भरली' असेच कोल्हापुरात म्हणतात. जोर मारताना किंवा जड वजन उचलताना ती भरते आणि गरम तेलाने चोळले की एक-दोन दिवसांत उतरते. माहितीपत्रकात हाच शब्द घालावा, कारण तो मुलांच्या तोंडी आहे.

ओव्याचा काढा

छातीत हवा साठते असे जर त्या आजाराचे स्वरूप असेल, तर त्याला गॅस म्हणतात. माझ्या भाच्याला रात्री उशिरा मिसळ खाल्ल्यावर अगदी असेच डाव्या बाजूला टोचत होते. ओवा आणि काळे मीठ दिले, ढेकर आली आणि तो मोकळा झाला. एवढ्यासाठी जड संस्कृत शब्द कशाला हवा?

श्वासपटल

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. वरच्या दोन्ही उत्तरांचा मी आदर करतो, कारण रुग्ण माझ्याकडे उशिरा येतो तो नेमका याच दोन शब्दांच्या वाटेने.

आधी गॅसविषयी. ही हवा पोटातील नसते आणि अन्नमार्गाशी तिचा काही संबंध नसतो. फुप्फुसाभोवती आणि छातीच्या भिंतीच्या आतून अशी दोन पातळ आवरणे असतात. त्यांच्यामधील पोकळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो आणि त्यामुळेच फुप्फुस ताणलेले, उघडे राहते. फुप्फुसाच्या शेंड्यावरील एखादा बारीक फोड फुटून श्वासातली हवा त्या पोकळीत शिरली की तो ताण सुटतो आणि फुप्फुस आपल्याच लवचीकपणाने आकसते. म्हणून 'कोसळणे' यापेक्षा 'आकसणे' हे क्रियापद प्रत्यक्ष घटनेच्या अधिक जवळ आहे. लांब छातीत शेंड्याकडील भागावर ताण अधिक पडतो. उंच, सडपातळ तरुणांत हा आजार जास्त दिसतो त्याचे एक कारण हे मानले जाते. विडी-सिगारेटने हा धोका कित्येक पटींनी वाढतो.

आता उसण. तालमीतल्या मित्रांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे, कारण खोल श्वास घेतल्यावर दोन्हींत दुखते, आणि म्हणूनच केवळ तेवढ्यावरून भेद करता येत नाही. उसणीत बहुधा बोटाने दाबल्यावर एक नेमकी जागा दुखते आणि अंग वळवले की कळ वाढते. या आजारात दाबून तशी जागा सहसा सापडत नाही. शिवाय उसण भरलेला मुलगा दुखते म्हणून श्वास आखडता घेतो, तर या मुलाला दुखणे कमी असतानाही जिना चढताना धाप लागते. आणखी एक गोष्ट अशी की हा आजार जोर मारतानाच होतो असे नाही. पुष्कळदा मुलगा नुसता बसलेला किंवा झोपून उठलेला असतो.

तालमीतला

डॉक्टरसाहेब, आपले म्हणणे पटण्याजोगे आहे, परंतु चोळल्यावर दुखणे उतरते हेही आम्ही पाहिलेले आहे. दुखणे थांबले तर आजार कुठे राहिला?

श्वासपटल

खरी अडचण इथेच आहे. फुप्फुस आकसलेलेच असताना कळ अनेकदा चोवीस तासांच्या आत आपोआप ओसरते. मग तेल, मलम, ओवा, जे काही त्या दिवशी केलेले असेल त्याला श्रेय मिळते.

ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून एक उदाहरण सांगतो. एकवीस वर्षांचा मुलगा, सहा फुटांहून उंच, वजन पंचावन्न किलोच्या आसपास, अधूनमधून सिगारेट ओढणारा. रात्री खाटेवर बसून वाचत असताना उजव्या छातीत सुरी खुपसल्यासारखी कळ आली आणि ती खांद्याकडे गेली. मित्रांनी मलम चोळले. दुसऱ्या सकाळी कळ निम्म्यावर आली म्हणून तो वर्गात गेला, पण एरवी धावत चढायचा त्या जिन्यावर त्याला दोनदा थांबावे लागले. तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा चेहऱ्यावर फारसा त्रास दिसत नव्हता. उघड्या छातीकडे पाहिल्यावर मात्र उजवी बाजू श्वासाबरोबर कमी हलत होती, बोटाने ठोकल्यावर तिकडे अधिक पोकळ नाद येत होता आणि स्टेथोस्कोप लावल्यावर श्वासाचा आवाज जवळजवळ नव्हता. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत फुप्फुसाच्या कडेची केसासारखी पांढरी रेघ दिसली आणि तिच्याबाहेर निव्वळ काळे, रक्तवाहिन्यांची एकही खूण नसलेले.

फुप्फुसाच्या मुळाशी ती रेघ छातीच्या भिंतीपासून तीन सेंटिमीटर आत होती. हे अंतर दोन सेंटिमीटर असले तरी त्या बाजूची सुमारे अर्धी जागा हवेने व्यापलेली असते, म्हणजे चित्रात पट्टा अरुंद दिसतो म्हणून फसू नये. आम्ही जागा बधिर करून दुसऱ्या बरगडीखालच्या फटीतून बारीक नळी घातली आणि मोठ्या सिरिंजने हवा ओढून काढली. दीड लिटरच्या आसपास निघाल्यावर ओढणे जड लागू लागले, तेव्हा थांबलो. नंतरच्या एक्स-रेत फुप्फुस बरेच उलगडलेले होते. अडीच लिटरपर्यंत काढूनही हवा येतच राहिली असती, तर छिद्र अजून उघडे आहे असे धरून छातीत मोठी नळी ठेवावी लागली असती.

बाटलीवाला

मला ती नळी ठेवली होती, म्हणून लिहीत आहे. आमच्या घरी या आजाराला अजूनही 'पंक्चर' म्हणतात आणि मला तो शब्द कोशातल्या शब्दापेक्षा खरा वाटतो. नळीचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेले असते. खोकले की बाटलीत बुडबुडे येतात आणि नळीतले पाणी श्वासाबरोबर वरखाली होते. बाटली छातीच्या खालच्या पातळीवरच ठेवायची, असे परिचारिकाताईंनी बजावले होते. भेटीला आलेल्या काकांनी ती अडचण होते म्हणून खाटेवर उचलून ठेवली, तेव्हा त्या धावतच आल्या. बुडबुडे थांबल्यावर मला वाटले सुटलो, पण एक्स-रे पाहिल्याशिवाय नळी काढली नाही. पुढल्या वर्षी पुन्हा त्याच बाजूला झाले आणि मग दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी लागली. प्रत्येकालाच नळी लागते का, हे मात्र मला कोणी सांगितले नाही.

श्वासपटल

प्रत्येकाला नाही. हवा थोडी असेल आणि धाप नसेल तर नुसते लक्ष ठेवूनही भागते. शरीर ती हवा शोषून घेते, पण सावकाश, दिवसाला त्या बाजूच्या जागेच्या एक ते दोन टक्के या गतीने, म्हणजे काही आठवडे जातात. प्रकृती स्थिर असलेल्या तरुण रुग्णात हवा बरीच असतानाही वाट पाहावी का, याबद्दल डॉक्टरांत अजून मतभेद आहेत. 2020 साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील एका चाचणीनंतर वाट पाहण्याकडे कल वाढला, पण रुग्ण दूर गावी राहत असेल तर मी स्वतः तसे करण्यास बिचकतो. पहिल्या खेपेनंतर साधारण तिघांपैकी एकाला हा त्रास पुन्हा होतो. तो बहुतेकदा पहिल्या एक-दोन वर्षांत आणि त्याच बाजूला होतो, त्यामुळे आपला अनुभव वेगळा नाही.

'पंक्चर' या शब्दाबद्दल माझी एकच तक्रार आहे. छिद्र बहुधा आपोआप बुजते, आणि पंक्चर काढल्यावर चाक पूर्ववत झाले असे आपण मानतो. इथे उरलेले फोड तसेच राहतात. म्हणून सिगारेट सोडायची आणि फुप्फुस पूर्ण उलगडल्याची एक्स-रेत खात्री होऊन निदान आठवडा गेल्याशिवाय विमानात बसायचे नाही. आपल्याकडची मुले सुट्टीत तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग करतात. ते मात्र कायमचे बंद. दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झालेली असल्यास तज्ज्ञाला विचारून पाहावे, एरवी नाही.

व्युत्पत्तीप्रेमी

शब्दाकडे वळतो. 'न्यूमोथोरॅक्स' हा शब्द 1803 साली इटार या फ्रेंच वैद्याने ग्रीक शब्द जोडून घडवला, त्यातील पहिला अंश हवेचा आणि दुसरा छातीचा. 'वातवक्ष' हे त्याचे जसेच्या तसे रूप आहे आणि घडणीच्या दृष्टीने निर्दोष आहे. परंतु मराठी माणसाला 'वात' म्हटले की सांधे आठवतात, हे मान्य करावे लागते. 'वायुवक्ष' केल्यानेही फारसा फरक पडणार नाही, कारण पोटातल्या वायूचा घोटाळा तिथेही आहेच. तरीही कोशात 'वातवक्ष' राहावा असे माझे मत आहे. माहितीपत्रकात तो घालण्याचा आग्रह मी धरणार नाही.

राजारामपुरीकर

सर्वांचे आभार. सध्या मी मथळ्यात आजाराचे नाव न घालता 'छातीत एका बाजूला अचानक कळ आणि धाप' असे लिहिले आहे आणि मजकुरात 'फुप्फुसाबाहेर हवा साठून फुप्फुस आकसते, डॉक्टर यास न्यूमोथोरॅक्स म्हणतात' असे वाक्य योजले आहे. दोन शंका आहेत. 'उंच, सडपातळ' असे लिहिल्यास बुटक्या मुलांना किंवा मुलींना तो आपला विषय वाटणार नाही का? आणि तातडीची खूण कोणती लिहावी?

श्वासपटल

'उंच, सडपातळ तरुणांत अधिक, पण इतरांतही' असे लिहावे. मुलींत प्रमाण कमी आहे, शून्य नाही. दम्याचा किंवा पूर्वी क्षयाचा त्रास झालेल्याच्या फुप्फुसात आधीच राखीव शक्ती कमी असते, त्यामुळे थोडी हवाही त्याला जड जाते. त्याने जिना चढून पाहण्याची परीक्षा घेऊच नये.

तातडीची खूण अशी : धाप मिनिटामिनिटाला वाढत जाणे, ओठ निळसर पडणे, घाम फुटून घेरी येणे. हवा आत शिरते पण बाहेर पडत नाही, तेव्हा दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि रक्तदाब घसरतो. अशा वेळी आम्हीही एक्स-रेची वाट पाहत नाही, आधी सुईने हवा मोकळी करतो. मुलाला दुचाकीवर मधे बसवून आणू नये, 108 ला फोन करावा. कळ आणि धाप असून ही लक्षणे नसली तरी त्याच दिवशी एक्स-रे काढावा.

तालमीतला

मथळ्यात नाही तर निदान मजकुरात 'उसण' हा शब्द असावा, हे माझे म्हणणे कायम आहे. रात्री दोन वाजता खोलीतला मुलगा मित्राला 'उसण भरली रे' असेच सांगणार. 'उसण समजून चोळत बसू नका, धाप लागत असेल तर दवाखाना गाठा' असे लिहिले तर आमची मुले वाचतील.

व्युत्पत्तीप्रेमी

हे वाक्य मला मान्य आहे, फक्त 'उसण' हा शब्द मिरज-सांगलीपलीकडच्या विद्यार्थ्यांना कितपत कळेल याची शंका वाटते. वसतिगृहात विदर्भातील मुले असतील तर तेथे 'चमक' म्हणतात की आणखी काही, हे तिकडच्या कोणी सांगितल्यास बरे होईल.